फॉरेक्स कार्ड आणि गुरुवारचा फोन

लेकीचं ऑफिसातल्या दोन मैत्रिणींबरोबर सिंगापूरला जायचं ठरलं, तेव्हा कुठे फिरायचं, काय बघायचं यावर आमच्या घरात कोणी चकार शब्द काढला नाही. वाद झाला तो पैसे कसे न्यायचे यावरून.

हे म्हणाले, "रोख घेऊन जा. नोटेला नेटवर्क लागत नाही."

लेक म्हणाली, "आणि चोरीला गेली तर?"

"तर सावध राहायचं. आम्ही तुझ्या वयाचे असताना अख्खा पगार खिशात घालून आणायचो."

"बाबा, तुम्ही तो भोसरीहून कर्वेनगरला आणायचात."

मी पोळ्या लाटत होते. मला हसू आलं, पण ह्यांच्यासमोर हसले नाही.

तिच्या मैत्रिणींकडे क्रेडिट कार्डं होती. त्यावर परदेशात काही घेतलं की बँक वर काही टक्के लावते, शिवाय त्यावर कर, असं लेकीनंच सांगितलं. तरी अडीअडचणीला एखादं असावं, असं तिला वाटत होतं. ते ह्यांना मान्य होणं शक्यच नव्हतं. "क्रेडिट कार्ड म्हणजे न मागता घरी आलेलं कर्ज," असं ते म्हणतात, आणि एकदा म्हणाले की ताट उचलून मोरीत ठेवायला जातात. म्हणजे विषय संपला.

शेवटी ठरलं फॉरेक्स कार्ड. लेकीनं मला नीट समजावून सांगितलं. आपण इथे बँकेत रुपये भरायचे, बँक त्यादिवशीच्या भावानं त्याचे सिंगापूरचे डॉलर करून कार्डात ठेवते. तिथे भाव वर गेला तरी आपल्याला झळ नाही. जेवढे भरले तेवढेच खर्च होणार. "म्हणजे आई, बजेट आपोआपच. कार्डातले संपले की खरेदी बंद." हे मला पटलं. मीही घरखर्च असाच चालवते. किराण्याच्या डब्यातले संपले की त्या महिन्यात किराण्याला दुसऱ्या डब्यातून काढत नाही.

कार्ड आणायला मी तिच्याबरोबर बँकेत गेले होते. पासपोर्ट, पॅन, तिकिटाची प्रत, सगळं तिनं काउंटरवर ठेवलं. थोडे डॉलर तिनं रोखही घेतले, टॅक्सीला, चहापाण्याला. काउंटरवरच्या मुलीनं मला विचारलं, "काकू, तुम्ही पण जाताय का?" मी मान हलवली, नाही म्हणून. अनोळखी माणसानं काही विचारलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. लहानपणापासून असंच आहे. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हा मला वाईट वाटण्याऐवजी थोडं सुटल्यासारखंच वाटलं होतं, कारण आता कोणी उभं करून प्रश्न विचारणार नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीनं आपल्या मोबाइलमधलं सिमकार्ड काढलं आणि घरातल्या जुन्या फोनात घातलं. तिच्या फोनात तिथलं सिम बसवायचं होतं, आणि इथल्या सिमवर परदेशात बोलायचे पैसे फार पडतात म्हणे. जुना फोन तिनं फ्रिजवर ठेवला.

"आई, हा बंद पडू देऊ नकोस. बँकेचे मेसेज यावर येतील. लागलाच एखादा ओटीपी तर मी विचारीन."

हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "ती विचारील आणि तू सांगशील, असं होणार नाही. ओटीपी कुणाला सांगायचा नाही. मी मागितला तरी नाही."

"बाबा, अहो, माझाच ओटीपी."

"तू मागितलास की तुझ्या आवाजात दुसऱ्या कोणी मागितला, हे तुझ्या आईला कसं कळणार? पहिल्या मजल्यावरच्यांचं काय झालं, माहीत आहे ना?"

ते सगळ्या सोसायटीला माहीत होतं. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना मुलाच्या आवाजात फोन आला होता. बाबा, मी अडकलोय, लवकर पैसे पाठवा. आजोबांनी पाठवले. मुलगा त्यावेळी शेजारच्या खोलीत दाढी करत होता.

लेक म्हणाली, "लागणारच नाही ओटीपी. भरपूर भरलेत." आणि विषय तिथेच राहिला. ह्यांनी एक सांगितलं, तिनं एक सांगितलं, आणि मी दोघांनाही हो म्हटलं.

पहिले दिवस चांगले गेले. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लेकीचा चेहरा दिसायचा, मागे उंच इमारती, झगमग. मैत्रिणींची रजा कमी होती, म्हणून त्या गुरुवारी दुपारच्या विमानानं परत निघणार होत्या. लेक आणखी दोन दिवस एकटी राहणार होती, दुसऱ्या, स्वस्तातल्या हॉटेलात. मला ते आवडलं नव्हतं. पण मला न आवडलेलं मी तोंडानं सांगत नाही, आणि न सांगितलेलं कोणाला कळत नाही.

आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात. त्या दिवशी सकाळपासूनच गेली होती. दुपारी येईल म्हणाले होते, आली नाही. वीज गेली की घरातलं वायफाय जातं, आणि माझ्या फोनात नुसतं बोलण्याचं रिचार्ज असतं. इंटरनेट कशाला, वायफाय आहे की, असं हे म्हणतात. म्हणून सकाळपासून लेकीचा काही मेसेज दिसला नव्हता. हे दुसऱ्या पाळीला गेले होते. कारखान्यात मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तो दारावरच्या कपाटात ठेवावा लागतो.

ऊन उतरायला लागलं होतं. मी मेथी निवडत बसले होते. माझा फोन वाजला. नंबर लांबलचक होता, पुढे अधिकचं चिन्ह, आणि खाली इंग्रजीत काहीतरी. इंग्रजी अक्षरं मला सुटी सुटी ओळखता येतात, पण शब्द वाचायला वेळ लागतो. एवढं कळलं की हा आपल्याकडचा नंबर नाही.

मी उचलला. घरघर ऐकू आली, मग बाईचा आवाज, तुटक.

"आई, मी बोलतेय. ऐक, पैसे अडकलेत. त्या जुन्या फोनवर मेसेज येईल बघ, त्यातला नंबर सांग मला. लवकर. आई, लवकर कर, वेळ नाहीये."

पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना हेच तर सांगितलं होतं. अडकलेय. लवकर. आवाज लेकीसारखा होता, पण तो लांबून, पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखा वाटत होता. आणि लेक मला नेहमी व्हॉट्सॲपवर फोन करते, तिचा फोटो दिसतो. आज फोटो नव्हता.

मी म्हणाले, "राँग नंबर," आणि फोन ठेवून दिला.

तेवढ्यात फ्रिजवरचा जुना फोन टुणकन वाजला. मेसेज आला होता. म्हणजे ज्यानं फोन केला त्याला घरात जुना फोन आहे हेही माहीत होतं. मला वाटलं, कोणीतरी आत्ता या खोलीत डोकावून बघतंय. मी उठून खिडकी लावली. उकडत होतं, तरी लावली.

पुन्हा तोच नंबर. मी उचलला नाही. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. मी फोनवर उशी ठेवली.

मग तो वाजायचा बंद झाला, आणि ती खरी भीती. वाजत होता तोवर मी एका चोराला घाबरत होते. थांबल्यावर मनात आलं, ती लेकच असली तर? परक्या देशात, एकटी, पैसे अडकलेले, आणि आईनं सांगितलं राँग नंबर. मी उशी काढली. तो नंबर परत लावला, तर बाई बोलायला लागली की ही सेवा आपल्या फोनवर उपलब्ध नाही. माझ्या रिचार्जमध्ये परदेशात फोन लागत नाही. ह्यांना लावला. कपाटात वाजत असेल.

मी दोन्ही फोन हातात घेऊन दारात उभी राहिले. समोरच्या दारात कधी काही मागायला मी गेलेली नाही. तिथे काकू एकट्या राहतात, शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. जिन्यात भेटल्या की मी हसते आणि खाली बघून निघते. त्यादिवशी मी त्यांची बेल दाबली. वीज नव्हती, बेल वाजेना. मग कडी वाजवली.

काकूंनी दार उघडलं. "काय हो, आज सूर्य कुठून उगवला?"

मी दोन्ही फोन पुढे धरले. मग एकेक करून सांगितलं. लेक, फोन, आवाज, नंबर, मेसेज. काकूंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन असतो, त्यामुळे व्हॉट्सॲपची सोय त्यांच्याकडेही नव्हती.

त्या म्हणाल्या, "फोन ठेवलात ते चांगलं केलंत. पण आता नुसतं घाबरून काय करणार? मेसेजमध्ये काय लिहिलंय ते तरी वाचलंत का?"

"इंग्रजीत आहे."

"मग मी वाचते. पण थांबा. त्यातला जो आकडा आहे ना, त्याच्यावर बोट ठेवा. तो मला दिसता कामा नये. उद्या काही झालं तर तुमचे हे माझ्या दारात येऊन उभे राहतील."

मी अंगठा ठेवला. तो सरकू नये म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरून ठेवलं. काकूंनी चष्मा लावला आणि वाकून वाचलं. मला मराठीत सांगत गेल्या.

"तुमचं फॉरेक्स कार्ड, शेवटचे आकडे अमुक, त्यात सिंगापूर डॉलर भरण्यासाठीचा ओटीपी. कोणालाही सांगू नका." त्यांनी चष्मा काढला. "ऐका. हा पैसे काढायचा ओटीपी नाही. भरायचा आहे. तुमच्या मुलीच्या खात्यातून मुलीच्याच कार्डात. चोराला यात काय मिळणार?"

"पण कार्ड चोराकडे असलं तर?"

माझ्या तोंडून हे कसं आलं कळत नाही. पण ते आलं, आणि आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून त्या विचारापुढे अडकलो. कार्ड चोरलं असेल, मुलीला कोंडलं असेल, तिच्याकडून बोलवून घेत असतील. डोक्यात काय काय येत होतं ते लिहायलाही नको वाटतं.

"कार्ड चोराकडे असलं," काकू शेवटी म्हणाल्या, "तर त्याला तुमच्या मुलीच्या खात्याचा पासवर्डही लागेल, कार्डाचा पिनही लागेल. एवढं सगळं असलेला चोर फार कष्टाळू म्हणायचा. पुन्हा फोन आला तर उचला. नंबर सांगू नका. आधी ऐकून घ्या. ऐकायला पैसे पडत नाहीत."

"नाही आला तर?"

काकू आत गेल्या. आतून दोन स्टुलं आणली आणि जिन्यातच मांडली. आम्ही बसलो. मी दोन्ही फोन मांडीवर ठेवले. खालून कोणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली. सिंगापूरला आपल्या आधी अंधार पडतो, हे लेकीनं सांगितलं होतं. म्हणजे तिथे आता दिवे लागले असतील, आणि ती रस्त्यावर असेल. मी देवाचं काही म्हणायला लागले, पण सुरुवातीचा शब्दच आठवेना.

फोन आला. तोच नंबर. काकूंनी 'उचला' म्हणून मान डोलावली. मी उचलला, पण काही बोलले नाही.

"आई, ठेवू नकोस. मी राँग नंबर नाहीये."

ती रडत होती. रडताना ती नाकानं जो आवाज करते, तो मी तिच्या लहानपणापासून ऐकत आलेय. पण पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनाही असंच वाटलं असेल.

मी म्हणाले, "काय झालं ते सांग. नंबर मागू नकोस. आधी सांग."

तिनं सांगितलं. नव्या हॉटेलात खोलीचं भाडं आणि वर डिपॉझिट घेतात. आधीच्या हॉटेलात डिपॉझिटला मैत्रिणीनं आपलं क्रेडिट कार्ड दिलं होतं, त्यामुळे लेकीला हे ठाऊकच नव्हतं. क्रेडिट कार्डावर डिपॉझिट घेतलं तर खरे पैसे जात नाहीत, मर्यादेतला तेवढा भाग नुसता अडवून ठेवतात. हिच्याकडे फॉरेक्स कार्ड. काउंटरवरच्या माणसानं आधी त्यावर डिपॉझिट अडवलं, मग भाडं घ्यायला गेला तर शिल्लक अपुरी. त्यानं डिपॉझिट रद्द केलं, पण अडवलेले पैसे कार्डात परत दिसायला बरेच दिवस लागतात, असं तो म्हणतो.

"म्हणजे पैसे कार्डातच आहेत, पण मला वापरता येत नाहीत. रोख संपत आलीये. त्या दोघी विमानात आहेत, त्यांचे फोन बंद. डेबिट कार्ड परदेशात चालू करायचं तर त्यालाही ओटीपी. खात्यात माझे पैसे आहेत, आई, पण कार्ड भरायला ओटीपी लागतो, तो तुझ्याकडे. आणि बँक संध्याकाळनंतर भरून घेत नाही, उद्यावर टाकते. मग मी रात्री राहू कुठे?"

मी काकूंकडे बघितलं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, जिना तेवढा शांत होता. त्या म्हणाल्या, "जुळतंय." एवढंच. निर्णय माझ्यावर सोडला.

"आधीचा मेसेज जुना झाला असेल," लेक म्हणाली. "मी नवीन पाठवते. एक वाया गेलाय. आता चुकला तर खातं बंद करतील."

जुना फोन वाजला. मी तो डोळ्यांजवळ धरला. मेसेजमध्ये आकडे खूप होते, कार्डाचे, डॉलरचे, आणि ओटीपीचे. मघाशी अंगठा अंदाजानं सगळ्यात लांब आकड्यावर ठेवला होता, आता अंदाज चालणार नव्हता. मी काकूंना म्हणाले, "तुम्हीच बघा आता. आकड्यासकट बघा." त्यांनी बघितलं आणि नखानं दाखवलं. पण वाचला मीच. एकेक आकडा, मराठीत. आठ म्हणताना माझा आवाज गेला, तिनं विचारलं, "आठ की साठ?" मी पुन्हा म्हणाले, "आठ. एकच आठ."

तिनं तो परत म्हणून दाखवला. मग म्हणाली, "थांब," आणि फोन कट झाला.

सांगून झाला होता. आता परत घेता येत नव्हता. काकू माझ्या शेजारी बसून राहिल्या. जुना फोन वाजला, काकूंनी वाचलं, खात्यातून पैसे गेले होते. गेले म्हणजे कुठे गेले? लगेच दुसरा मेसेज आला. तो काकूंनी दोनदा वाचला. "कार्डात जमा झाले. शेवटचे आकडे तेच." तरी मला वाटत होतं की कार्ड कोणाच्या हातात आहे ते मेसेजमध्ये कुठे लिहितात.

वीज आली. जिन्यातला दिवा लागला, आणि घरात फ्रिज घरघरायला लागला. मी धावत आत गेले. थोड्या वेळानं माझ्या फोनवर लेकीचा फोटो आला. व्हॉट्सॲपवर फोन. मी तो उचलला तेव्हा तिचा चेहरा दिसला, डोळे सुजलेले, मागे लिफ्टचा आरसा.

"मिळाली खोली," ती म्हणाली.

"फोन ठेवू नकोस. आत जाईपर्यंत ठेवू नकोस."

ती चालत होती, मला नुसतं छत दिसत होतं. मग थांबली. "आई, इथे कुलूप नसतं. दाराला पण कार्डच लावायचं असतं."

"ते तरी चालतंय ना?"

काहीतरी टिक वाजलं. दार उघडल्याचा आवाज आला. मी म्हणाले, "आता आतून लाव. लावलंस? परत एकदा ओढून बघ." तिनं ओढून बघितलं आणि मला दाखवलं. मग मी जमिनीवर बसले, मेथीच्या शेजारी, आणि तेव्हा रडले.

हे पाळी संपवून आले, तेव्हा मी सगळं सांगितलं. नंबर सांगितला हे सगळ्यात शेवटी सांगितलं. ते जेवत होते. जेवण थांबलं नाही, पण घास लहान झाला.

"आधी फोन ठेवलास, मग उचललाच नाहीस," ते म्हणाले.

"हो."

"आणि शेवटी सांगितलास."

"हो."

शेवटचा घास संपवून म्हणाले, "ती परत आली की तिला म्हणावं एक क्रेडिट कार्ड काढ. डिपॉझिटपुरतं. एरवी कपाटात ठेवायचं." त्यांनी ताट उचललं, पण मोरीकडे गेले नाहीत, हातात धरून उभे राहिले. "एक सांग. ती लेकच आहे, हे तुला कळलं होतं का?"

मी खोटं बोलू शकले असते. आईला कळतंच, असं म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "ती नसेलच असंही म्हणता येईना, म्हणून सांगितला."

मी त्यांच्या हातातलं ताट घेतलं.